मावशींची चिठ्ठी, फोटो आणि शीट: सात महिने वापरल्यानंतर

कोल्हापुरात राजारामपुरीत आमची मेस आहे, साठ-पासष्ट डबे. सामानाची यादी मावशी लिहितात, वहीच्या पाठकोऱ्या पानावर, कधी तेलाच्या बोटांनी. मी त्या पानाचा फोटो काढतो, फोनमधल्या ॲपने मजकूर उचलतो आणि गूगल शीटमध्ये टाकतो. लक्ष्मीपुरीतला किराणा एकीकडे आणि मंडईची भाजी दुसरीकडे अशी यादी लावता आली की माझी एक फेरी वाचते. एवढ्यासाठीच हा खटाटोप.

नावं वाचायला ॲप बरं आहे. ‘खसखस’, ‘सुकं खोबरं’, ‘बेडगी’ शंभरात नव्वद वेळा बरोबर येतं, आणि चुकलंच तर डोळ्यांना लगेच दिसतं. खरी गोची आकड्यांत आहे. मावशी जुन्या पद्धतीने लिहितात: सव्वा म्हणजे १।, दीड म्हणजे १॥, पाऊण म्हणजे ०॥।. त्या उभ्या रेघा ॲपला एक वाटतात. पहिल्याच महिन्यात बेडगी मिरची १११ किलो आली. मावशी म्हणाल्या, “आरं, दीड हाय ते! एकशे अकरा किलोत गल्लीभर चटणी हुईल.”

१११ वर हसता तरी येतं. घात करतो तो ११. शेंगदाणे १। किलो लिहिले होते, शीटमध्ये ११ आले. मेसला अकरा किलो शेंगदाणे अशक्य नाहीत, म्हणून मला शंकाच आली नाही. दुकानदार ओळखीचा, त्याने पावणेदहा किलो परत घेतले, पण बोलून दाखवलं.

त्यानंतर मी पाच रकाने केले: जिन्नस, लिहिल्याप्रमाणे, संख्या, एकक, शेरा. ‘लिहिल्याप्रमाणे’ या B रकान्यात ॲपने दिलेलं जसंच्या तसं राहतं, त्याला हात लावायचा नाही. संख्या C मध्ये. देवनागरी आकडे माझ्या शीटमध्ये मजकूर म्हणून बसतात. ओळखायची खूण सोपी: आकडा उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे चिकटून राहतो. असा मजकूर SUM गुपचूप वगळतो, बेरीज कमी येते आणि चूक कुठेच दिसत नाही. म्हणून C2 मध्ये हे सूत्र:

```
=VALUE(REDUCE(B2,SEQUENCE(10,1,0),LAMBDA(t,n,SUBSTITUTE(t,UNICHAR(2406+n),n))))
```

2406 हा देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक. तिथून पुढे दहा आकडे ओळीने आहेत. B मध्ये ‘अडीच’ किंवा सुटा दंड राहिला तर सूत्र चूक दाखवतं, आणि ते बरंच आहे. तिथे मी हाताने 2.5 लिहितो. ‘अडीच’ आणि ‘अडीचशे’ यांत मात्र घाई करू नका: पहिलं किलोचं असतं, दुसरं ग्रॅमचं. ‘आदपाव’ म्हणजे 125 ग्रॅम, हे मला मावशींना विचारावं लागलं.

शेऱ्याच्या रकान्यात दुसरं सूत्र, आणि सगळ्यात जास्त कामाचं तेच ठरलं:

```
=IF(RIGHT(C2,1)="1","फोटो बघ","")
```

एकाने संपणारी प्रत्येक संख्या संशयित. चाळीस ओळींत पाच-सहा निघतात, तेवढ्या फोटोशी ताडून बघायला दोन मिनिटं लागतात. पण एक भोक राहतंच. पेन फिकं असेल तर ॲप दंड गाळूनच टाकतं आणि २॥ चं नुसतं २ होतं. जिरे अडीचऐवजी दोन किलो आले तर ते महिनाअखेर, डबा रिकामा झाल्यावर कळतं. हे कुठलंही सूत्र पकडत नाही. मावशींना काळं जेल पेन दिलं, त्याने फरक पडला.

दुसरी अडचण दोन उभ्या ओळींत लिहिलेल्या यादीची. ॲप आधी सगळी नावं वाचतं, मग सगळे आकडे. मध्ये एखादा आकडा राहिला की खालची यादी एक घर वर सरकते आणि तेलाचं माप मिठाला लागतं. आता पानाचे दोन वेगळे फोटो काढतो, नाव आणि आकडा यांत मोठी मोकळी जागा सोडू नका असं मावशींना सांगून ठेवलंय. ‘वरच्यासारखंच’ म्हणून त्या देतात ती ,, खूण ॲप वाचतच नाही; तिथे एकक मीच भरतो.

एककांचं एक सांगतो. सगळं किलोत आणायचा हट्ट मी तीन महिने केला आणि सोडला. तेलाचा डबा 15 किलोचा, साखरेचं पोतं 50 चं, पण तांदळाचं पोतं 25 चंही येतं आणि 30 चंही. कोथिंबिरीच्या पेंडीला तर वजनच नाही, पावसाळ्यात ती निम्मी होते. पोतं पोतंच ठेवतो, पेंडी पेंडीच. क्रम लावताना आधी एककाने लावतो, मग संख्येने.

हाताने टाइप करायला मला पूर्वी पाऊण तास लागायचा, आता वीस मिनिटं. त्यातली पाच मिनिटं मावशींना यादी मोठ्याने वाचून दाखवण्यात जातात. परवा “जिरे दोन किलो” म्हणालो तर भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाल्या, “अडीच.”