क्राउन लेंग्थनिंग की लिप रिपोझिशनिंग: गमी स्माइलसाठी मी काय निवडलं

हसताना 2 मिलिमीटरपर्यंत हिरडी दिसली तर कुणाचं लक्षही जात नाही. माझी 4 दिसायची, म्हणजे गमी स्माइल. मात्र हिरडी मागे घेऊन दात मोकळे करणारं क्राउन लेंग्थनिंग आणि ओठ खाली शिवणारं लिप रिपोझिशनिंग या उपायांची तुलना करण्याआधी हिरडी दिसते कशामुळे, हे ठरवावं लागतं, कारण हे उपाय एकमेकांची जागा घेणारे नाहीत.

आरशासमोर ओठ सैल सोडून बघा. वरचे पुढचे दात 2 ते 4 मिलिमीटर दिसत असतील तर ठीक. त्याहून बरेच जास्त दिसत असतील आणि चेहऱ्याचा खालचा भाग लांबट असेल, तर वरचा जबडाच खाली वाढलेला असण्याची शक्यता मोठी. तिथे प्रश्न जबड्याच्या शस्त्रक्रियेचा असतो, आणि या लेखातले दोन्ही उपाय तोकडे पडतात. ओठ सैल असताना दात प्रमाणातच दिसत असून हसताना ओठ 8 मिलिमीटरपेक्षा जास्त वर सरकत असेल, तर दोष ओठाच्या स्नायूंकडे जातो. आणि दात आखूड, चौकोनी दिसत असतील तर दाताचा काही भाग हिरडीखाली दडलेला असू शकतो. हिरडी सुजूनही वाढते, काही औषधांनीही वाढते. तसं असेल तर आधी ते निस्तरायचं.

माझ्याकडे आखूड दात आणि जास्त वर सरकणारा ओठ अशी दोन्ही कारणं होती, म्हणून तर निवड करावी लागली. पुढचा दात साडेआठ मिलिमीटर रुंद आणि दिसायला जेमतेम 8 मिलिमीटर उंच, म्हणजे उंचीपेक्षा रुंदीच जास्त. ओठही 9 मिलिमीटर वर जायचा.

लिप रिपोझिशनिंगमध्ये ओठाच्या आतल्या बाजूने, हिरडीच्या वरच्या मऊ त्वचेची एक पट्टी काढतात आणि ओठ खाली शिवून टाकतात. स्नायूंना वर ओढायला जागाच कमी उरते. पट्टीची रुंदी साधारण दिसणाऱ्या हिरडीच्या दुप्पट, म्हणजे माझ्या बाबतीत 8 मिलिमीटर. हाडाला हात लागत नाही, दात जसेच्या तसे राहतात. कागदावर मला हाच उपाय जास्त आवडला होता.

ओठ खाली आल्यावर कसं वाटेल याचा अंदाज यावा म्हणून आधी ओठाच्या स्नायूंत बोटॉक्स घेऊन बघावं, असं सुचवलं गेलं. हिरडी झाकली गेली, यात शंका नाही. पण हसू आपलं वाटेना. मोठ्याने हसायला जावं तर ओठ अर्ध्यावर थांबायचा, आणि खाली ते आखूड दात तसेच. पुढच्या तीन-चार महिन्यांत असर हळूहळू ओसरत गेला, तसं हसूही दर फोटोत वेगळं. मला खरा वैताग आला तो या सरकत्या हसण्याचा. लिप रिपोझिशनिंगचा परिणाम बोटॉक्सपेक्षा पुष्कळ टिकतो, हे मान्य. तरीही ओठ काही अंशी पुन्हा वर सरकल्याची उदाहरणं पुरेशी आहेत, आणि मला तेच परत नको होतं. एखाद्याला याचं काहीच वाटणार नाही.

क्राउन लेंग्थनिंगमध्येही हिरडी परत येऊ शकते, पण तिथे कारण माहीत असतं. हिरडीच्या कडेला आतल्या हाडापासून साधारण 3 मिलिमीटर जागा लागते. भूल देऊन मोजलं तेव्हा माझ्या दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं पांढरं आवरण, हिरडीखाली आणखी अडीच मिलिमीटर दडलेलं होतं, आणि हाड त्या एनॅमलच्या कडेपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर. अशा ठिकाणी लेझरने नुसती हिरडी कापली तर ती काही महिन्यांत पुन्हा खाली उतरते. म्हणून हिरडी उघडून हाडही 2 मिलिमीटर मागे घेतलं. दात 10 मिलिमीटरचा झाला, हसताना हिरडी 2 उरली.

फुकट काहीच मिळत नाही. घासलेलं हाड परत येत नाही. हिरडी एनॅमलच्या पुढे नेली तर मूळ उघडं पडतं, थंड झोंबतं, आणि मग दातांवर कॅप किंवा व्हिनियर लावत बसावं लागतं. दोन दातांमधल्या हिरडीला धक्का लागला तर काळे त्रिकोण दिसतात. कड स्थिर व्हायलाही तीन ते सहा महिने जातात, त्या काळात आरशात रोज बघू नये. आणि दात मुळातच पूर्ण उंचीचे असतील तर हा उपाय तुमच्यासाठी नाहीच. फक्त ओठच जास्त उचलला जात असता तर मीही लिप रिपोझिशनिंगकडेच वळलो असतो.

माझ्यासारखं मिश्र कारण असेल तर मला वाटतं आधी दात मोकळे करावेत. उरलेली हिरडी खटकली तर ओठाचं नंतर करता येतं, आणि तेव्हा पट्टीही अरुंद लागते. ओठ आधी शिवला तर ती पट्टी जुन्या, जास्त दिसणाऱ्या हिरडीवरून मोजली जाते. मी ओठाला अजून हात लावलेला नाही.