स्पेअर पार्ट्सचं सॉफ्टवेअर: वर्षभर वापरून झाल्यावर, आणि मुख्यतः एका हिरव्या शून्याबद्दल

फीचर्स, मोबाईल ॲप, दर माणशी किती पैसे हे सगळं माहितीपत्रकात आहे, ते इथे परत उगाळत नाही. सॉफ्टवेअरचं नावही देत नाही. या किमतीतली बहुतेक सॉफ्टवेअरं हिशोब असाच करतात, त्यामुळे तुमच्याकडे दुसरं कुठलं असेल तरी हे वाचून आपला स्क्रीन एकदा उघडून बघा.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचा मेंटेनन्स बघतो. एकसारख्या सहा एचएमसी आहेत, त्यांच्यापुढे वॉशिंग आणि असेंब्ली. एक एचएमसी थांबली की पुढची माणसं हात बांधून उभी राहतात. स्टोअरमध्ये दोनेक हजार आयटम. सुरुवातीचे चार महिने मी या सॉफ्टवेअरची तारीफच करत होतो. कप्प्यावरचा क्यूआर मोबाईलवर स्कॅन केला की माल इश्यू होतो, रात्रपाळीत चिठ्ठ्या हरवायच्या बंद झाल्या. शिवाय 6205-2RS1 आणि 6205DDU अशा दोन कोडखाली पडून असलेलं एकच बेअरिंग (दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं, इतकंच) एकत्र दिसायला लागलं आणि परचेसच्या मॅडमनी त्याची ऑर्डर थांबवली. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार स्टार दिले असते.

मग मे महिन्यात चार नंबरच्या मशीनचा स्पिंडल ॲम्प्लिफायर गेला. स्टोअरमध्ये एक होता. दोन तासांत बसवला, मशीन चालू, साहेब खूश. पूर्वी असा महागडा पार्ट निघाला की आमचे स्टोअरकीपर काका त्याच दिवशी लाल शाईने इंडेंट लिहून माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. आता स्टॉक `Min Qty` च्या खाली गेला की सिस्टीम आपोआप इंडेंट काढते, म्हणून ते रजिस्टर बंद केलेलं. दसरा झाला आणि दोन नंबरच्या मशीनचा ॲम्प्लिफायर गेला. मी ॲप उघडलं. स्टॉक ०. शेजारी `Min Qty` ०. आणि त्यापुढे हिरव्या रंगात `OK`.

शून्य हे शून्याच्या खाली नसतं, त्यामुळे पाच महिन्यांत इंडेंट निघालंच नव्हतं. नवीन मागवायला तीन महिने. शेवटी परराज्यातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून एक्स्चेंजमध्ये मिळवला. तेवढ्यात मशीन आठ दिवस आडवं.

सपोर्टला फोन केला. पलीकडचा मुलगा अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सर, सिस्टीम बरोबरच दाखवतीये. कन्झम्प्शनच नाहीये, तर मिनिमम कुठून येणार?" मी म्हटलं, बाळा, कन्झम्प्शन नाही म्हणूनच तो पार्ट ठेवलेला असतो. त्याला ते विनोदासारखं वाटलं असावं.

आता हिशोब कसा होतो ते नीट सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. सिस्टीम गेल्या बारा महिन्यांचा वापर घेते, त्याची महिन्याची सरासरी काढते, तिला पार्ट यायला लागणाऱ्या महिन्यांनी गुणते आणि वर वीस टक्के सेफ्टी स्टॉक घालते. कटिंग ऑइल, इन्सर्ट, व्ही-बेल्ट, फिल्टर यांना हे चोख लागू पडतं. आमच्या ॲम्प्लिफायरचं मात्र असं झालं: वर्षात १ नग, म्हणजे महिन्याला ०.०८. गुणिले तीन महिने, ०.२५. वीस टक्के धरून ०.३०. जवळचा पूर्णांक शून्य. झाला निकाल. दुसरा गेल्यावर हाच आकडा ०.६० झाला आणि सिस्टीमने तो १ केला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. आणि पुढचं वर्ष सुखाने गेलं तर हा एक पुन्हा शून्यावर येणार, म्हणजे मशीन जितकं चांगलं चालेल तितका आपला स्टॉक असुरक्षित.

असा पार्ट ठेवायचा की नाही, हे सरासरीवरून ठरत नाही. तो नसण्याची किंमत आणि असण्याची किंमत शेजारी शेजारी मांडावी लागते. एका गुरुवारी, वीकली ऑफ असल्यामुळे शांतता होती, तेव्हा मी आणि अकाउंट्सचे साहेब बसून हे केलं. ब्रेकडाऊन रजिस्टरप्रमाणे सहा मशीनवर मिळून सहा वर्षांत तीन ॲम्प्लिफायर गेले, म्हणजे वर्षाला अर्धा. एचएमसी थांबल्याचा तोटा, पुढची रिकामी माणसं आणि बाहेरून करून घेतलेलं काम धरून, त्यांनी तासाला तीन हजार काढला. आठ दिवस, दोन पाळ्या, १२८ तास: ३ लाख ८४ हजार. वर्षाला अर्ध्या वेळा हे होणार म्हटल्यावर स्टोअरमध्ये काहीच न ठेवण्याचा खर्च वर्षाला १ लाख ९२ हजार. पार्टची किंमत १ लाख ६० हजार. व्याज, जागा, विमा, जुनं होणं मिळून वीस टक्के धरले तर तो कपाटात ठेवायला वर्षाला ३२ हजार.

एक नग ठेवला तर धोका संपतो का? नाही. तो वापरल्यावर नवीन येईपर्यंत तीन महिने कपाट रिकामं असतं. त्या तीन महिन्यांत सरासरी मागणी ०.१२५. अशा तुरळक मागणीला पॉयसाँचं गणित लागू होतं, आणि ते सांगतं की पार्ट लागेल तेव्हा तो कपाटात सापडण्याची शक्यता साधारण ८८ टक्के. उरलेल्या बारा टक्क्यांचा तोटा वर्षाला २२-२३ हजार. म्हणजे एक नग ठेवून एकूण खर्च ५५ हजारांच्या आसपास. दोन ठेवले तर पार्ट सापडण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर जाते, पण ठेवण्याचाच खर्च ६४ हजार. तेव्हा एक हवाच, दुसरा नको. मी दोन मागायच्या तयारीने गेलो होतो. साहेबांनी एकावर सही केली आणि त्या सहीला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी एक शंका काढली: सहा वर्षांत तीन हा काय आकडा झाला, दोन तर यंदाच गेलेत. शंका रास्त. म्हणून उलट बाजूने मोजलं. वर्षाचे ३२ हजार वसूल व्हायला असा ब्रेकडाऊन किती वर्षांतून एकदा झाला तरी चालेल? उत्तर आलं, साधारण बारा. दर नेमका माहीत नसला तरी निर्णय हलत नाही, आणि मला वाटतं या सगळ्या आकडेमोडीत कामाचा आकडा हाच. गणिताला मर्यादा आहे ती वेगळी: प्रत्येक बिघाड स्वतंत्र आहे असं ते धरून चालतं. पहिल्या पावसात लाईट आली-गेली आणि एकाच झटक्यात दोन उडाले, तर त्यात ते बसत नाही. आमच्याकडे दोन्ही पॅनलमध्ये ॲम्प्लिफायरच्या पंख्यावर तेलाचा चिकट थर होता, तेव्हा यंदाच्या दोघांचं कारण एकच असावं असा माझा संशय. सहाही पॅनलचे फिल्टर आता दर महिन्याला बदलतो. त्याचा खर्च किरकोळ आहे.

आता खरी चीड. एवढं सगळं झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबरमध्ये, मला कळलं की आयटम मास्टरमध्ये `More` नावाच्या टॅबखाली `Insurance Spare` अशी खूण करायची सोय पहिल्यापासून आहे. ती केली की `Min Qty` आपण टाकू तेवढीच राहते, सिस्टीम तिला हात लावत नाही. ट्रेनिंगमध्ये दोन तास क्यूआर छापायला शिकवलं, हे कोणी सांगितलं नाही. सपोर्टच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. मीच त्याला स्क्रीनशॉट पाठवला. इथपर्यंत मी दोन स्टार देणार होतो. आता साडेतीन.

खूण एकेका आयटमला हाताने करावी लागते, एक्सेलमधून होत नाही. पण दोन हजारांतले असे आयटम निघाले जेमतेम साठ, त्यामुळे ते चालून गेलं. निवडताना फक्त किंमत बघितली नाही. पार्ट नसेल तर मशीन थांबतं का, आणि तपकीर गल्लीत किंवा भोसरीतल्या डीलरकडे त्याच दिवशी मिळतो का, एवढंच विचारलं. महागडी मोटार रिवाइंड होऊन दोन दिवसांत परत येते, तिला खूण केली नाही. नऊशे रुपयांचं एक खास ऑइल सील कुठेच मिळत नाही, त्याला केली.

एक अनपेक्षित गंमतही सापडली. रबरी सीलसाठी एक्स्पायरी डेटचा रकाना आहे. ॲम्प्लिफायर कपाटात वर्षानुवर्षं पडला तर आतले कपॅसिटर कमजोर होतात आणि ऐनवेळी बसवला की तोही जातो, मग स्टॉकमधला १ हा आकडा नुसता कागदी. म्हणून मी त्यालाही एक वर्षाची एक्स्पायरी टाकली. तारीख आली की आठवण येते. त्या गुरुवारी तो मशीनवर चढवायचा आणि मशीनवरचा चालू कपाटात ठेवायचा. कपाटातला चालतो याची खात्री दुसऱ्या कशाने होत नाही.

राहिला लाल रंग. एवढी खूण करूनही दर महिन्याच्या एक तारखेला अकाउंट्सला जाणाऱ्या `Non-moving` रिपोर्टमध्ये हे साठ आयटम वगळले जात नाहीत. लाल रंगात येतात, खाली एकूण रकमेसकट. हेड ऑफिसमधून दर महिन्याला मेल: "हा माल विकून का टाकत नाही?" दर महिन्याला मी तेच उत्तर चिकटवतो. आग विझवायचं सिलिंडर वर्षभर वापरलं नाही म्हणून कोणी भंगारात काढतं का? सहा वेळा तिकीट टाकलं. "पुढच्या अपडेटमध्ये बघतो सर." माणशी पैसे मोजून घेता, तर हे साठ आयटम वेगळ्या रंगात दाखवायला कितीसं काम आहे? माझ्या मते अर्धा दिवस. या लाल रंगासाठी मी अर्धा स्टार परत कापतोय. तीन.

मार्चमध्ये रिन्यूअल आहे. तुम्ही असं काही विकत घ्यायला निघाला असाल तर डेमोला येणाऱ्या माणसासमोर एक आयटम टाकायला लावा: वर्षात एक नग, यायला तीन महिने. `Min Qty` किती येते बघा, आणि तो आकडा शून्य आला तर हाताने बदलायची सोय कुठल्या टॅबमध्ये आहे ते तिथल्या तिथे उघडून दाखवायला सांगा.