दारू तुटलेला रुग्ण वॉर्डात: लक्षणं मोजून औषध द्यावं की ठरल्या वेळी?

मांडीचं हाड मोडून भरती झालेल्या माणसाची दारू त्या क्षणापासून बंद होते. ती किती वर्षांची होती हे केसपेपरवर बहुधा नसतंच. अशा वेळी क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध लागतं. ते द्यायच्या दोन पद्धती आहेत: लक्षणांना गुण देऊन गरजेपुरतं, किंवा घड्याळ लावून ठरलेल्या वेळी. निर्णय डॉक्टरांचा असला, तरी आपल्या वॉर्डात कुठली पद्धत निभेल हे सिस्टर इन्चार्जलाच ठाऊक असतं.

दोन्ही पद्धतींत पहिला प्रश्न एकच, "दादा, शेवटची कधी घेतली?" पुढचे सगळे तास तिथून मोजायचे, भरतीच्या वेळेपासून नव्हे. हात थरथरणं, घाम, मळमळ, बेचैनी साधारण 6 ते 12 तासांत दिसू लागते. फिट बहुधा 6 ते 48 तासांत येते. भास 12 ते 24 तासांत सुरू होऊ शकतात, पण तेव्हा माणसाला आपण कुठे आहोत हे कळत असतं. 48 ते 96 तासांत मात्र ताप, वाढलेली नाडी आणि बीपी यांबरोबर ते भानही सुटलं, तर तो डेलिरियम ट्रेमेन्स, आणि तो जीव घेऊ शकतो. या पायऱ्या क्रमानेच येतील असं नाही. काहींमध्ये फिट हेच पहिलं लक्षण असतं.

समजा, रुग्णाने सोमवारी रात्री 9 वाजता शेवटची घेतली. मंगळवारी सकाळी 8 वाजता सिस्टर दारू तुटल्याची लक्षणं मोजणारी सीवा ही मोजपट्टी भरतात. तिच्यात दहा बाबी आहेत, एकूण गुण 67. कंप 4, घाम 3, चिंता 3, मळमळ 2, अस्वस्थता 2, डोकेदुखी 1, बाकी शून्य, म्हणजे 15. साधारणपणे 8 ते 10 च्या वर औषध देतात, म्हणून डोस दिला. तासाभराने गुण 9 आले, पुढच्या वेळी 6. आता दर चार तासांनी मोजणं पुरेसं. या पद्धतीत एकूण औषध कमी लागतं आणि उपचार लवकर संपतो, हा तिचा खरा फायदा.

तोटाही याच रुग्णात दिसतो. घाम आणि चिंता मोडलेल्या हाडाच्या वेदनेचीही असू शकते, म्हणून वेदनाशामक मिळालंय का हे आधी पाहायचं. शिवाय ही मोजपट्टी बोलू शकणाऱ्या माणसासाठी आहे. बरळणाऱ्या किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात तिचे गुण भरवशाचे नाहीत. नाडी आणि बीपी गुणांत धरलेच जात नाहीत, ते वेगळे लिहायचे. बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी वाढलेली दिसणारही नाही.

याच रुग्णाला पूर्वी दारू तुटल्यावर फिट आली असती, तर मी गुणांची वाट पाहणार नाही. अशांना ठरल्या वेळीच औषध हवं. प्रचलित आराखडा असा: क्लोरडायझेपॉक्साइड 50 मिलिग्रॅम दर 6 तासांनी चार डोस, मग 25 मिलिग्रॅम दर 6 तासांनी आठ डोस. रात्री एकाच सिस्टरवर पूर्ण वॉर्ड असेल तरीही हीच पद्धत सुरक्षित, कारण न भरलेली मोजपट्टी म्हणजे न दिलेलं औषध. इथला धोका गुंगीचा. गाढ झोपलेल्या किंवा श्वास मंदावलेल्या रुग्णाला वेळ झाली म्हणून डोस देऊ नये, डॉक्टरांना बोलवावं. यकृत खराब असेल किंवा वय जास्त असेल, तर क्लोरडायझेपॉक्साइड शरीरात साचतं. त्यांना डॉक्टर बहुधा लोराझेपाम देतात.

पद्धत कुठलीही असो, बुधवारी रात्री हा माणूस गोंधळला तर लगेच दारूवर खापर फोडू नका. मांडीचं हाड मोडल्यानंतर चरबीचे कण फुफ्फुसात अडकण्याचा काळही हाच. ऑक्सिजन घटला, श्वास वाढला, तर शंका तिकडे घ्यायची. पिऊन पडला असेल तर डोक्याला मार असू शकतो, म्हणून दोन्ही बाहुल्या तपासायच्या. ग्लुकोमीटरवर साखर पाहायची. ग्लुकोज लावायचं असेल तर थायमिन आधी किंवा सोबत द्यायचं. साखर फारच कमी असेल तर मात्र थायमिनसाठी ग्लुकोज थांबवायचं नाही.

बेड सर्वांत खालच्या पातळीवर, रेलिंग वर, मंद दिवा चालू, सक्शन आणि ऑक्सिजन हाताशी. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, वेळ नोंदवायची. मोडलेला पाय सांभाळून वळवायला दुसरा माणूस लागतोच. हातपाय बांधल्याने घाबरलेला रुग्ण आणखी झटापट करतो. त्यापेक्षा ओळखीचा नातेवाईक उशाशी बसवावा. रुग्णाला भासात उंदीर दिसत असतील, तर "उंदीर नाहीत हो" असा वाद न घालता त्याला नावाने हाक मारावी, आपण कुठे आहोत ते सांगावं. हँडओव्हरमध्ये मात्र "रुग्ण त्रास देतो" असं न लिहिता शेवटच्या दारूपासूनचे तास, शेवटचे गुण आणि शेवटचा डोस लिहावा.