जुन्या ५ एचपी बोअरच्या मोटरीवर सोलर ड्राइव्ह: नऊ महिने वापरल्यानंतर

आमचं रान निपाणीपासून थोडं आत, चिकोडीच्या बाजूला. अडीच एकर ऊस, बाकी सोयाबीन आणि थोडा भाजीपाला. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीजबिल नाही, त्यामुळं सोलर बसवतोय म्हटल्यावर भावकीतल्या प्रत्येकानं पहिला प्रश्न हाच केला की फुकटची लाइन असताना लाखभर रुपये घालायची काय गरज? गरज एवढीच होती की थ्री फेज मिळते ती ठराविक तास, आणि त्यातले बरेच तास रात्रीचे. वडील सत्तरीचे आहेत. रात्री दोनला बॅटरी घेऊन उसात पाणी फिरवायला त्यांना पाठवणं मला बंद करायचं होतं.

नवीन पंप घेतला नाही. बोअरमध्ये आहे तीच ५ एचपीची, ४१५ व्होल्टची थ्री फेज मोटर ठेवली. वर सोलरच्या प्लेटा, मध्ये प्लेटांची डीसी वीज मोटरीला चालेल अशी करून देणारा सोलर ड्राइव्ह आणि चेंजओव्हर स्विच. दिवसा सोलर, नडलं तर लाइन. दिवाळी झाल्यावर बसवलं आणि आता श्रावण चाललाय.

पहिले चार महिने मी खूश होतो. थंडीत सकाळी साडेनऊच्या सुमारास पाणी पडायला लागायचं ते चारपर्यंत चालायचं. वडील दुपारचं जेवून पाणी पाजायला जायचे. मग एप्रिल उजाडला. ऊन असं की चप्पल घातल्याशिवाय बांधावर पाय टेकवत नव्हता, आणि नेमकं त्याच उन्हात पाइपातून करंगळीएवढी धार. सकाळी दहाला बरं पाणी, बाराला कमी, दोनला जवळजवळ नाहीच. ज्यानं बसवलं तो म्हणाला, ‘‘बोअर आटलाय, प्लेटांचा काही दोष नाही.’’

मला ते पटेना, कारण त्याच रात्री लाइन आल्यावर त्याच बोअरनं पाइप भरून पाणी दिलं होतं. तुमच्याकडं असं झालं तर पहिली परीक्षा हीच करा. लाइनवर पाणी पूर्ण आणि सोलरवर धार, म्हणजे बोअरला दोष देऊ नका. मात्र त्याआधी सोलरवर मोटर उलटी फिरत नाही ना तेवढं बघून घ्या. उलटी फिरली तरी थोडं पाणी येतंच आणि माणूस फसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी २०० लिटरचं पिंप पाइपाखाली ठेवलं आणि ड्राइव्हच्या पडद्यासमोर बसलो. पडद्यावर ४३.५ हर्ट्झ, डीसी व्होल्टेज ५१० च्या आसपास. पिंप भरायला सहा मिनिटं लागली. थंडीत हेच पिंप ४५ हर्ट्झवर मिनिटभरात भरायचं. दीड हर्ट्झच्या फरकानं पाणी सहापट कमी कसं होतं, या एका प्रश्नात सगळं गणित आहे.

ड्राइव्ह उन्हाप्रमाणं मोटरीची फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करतो. फ्रिक्वेन्सी कमी झाली की पाणी त्याच प्रमाणात कमी होईल असं आपल्याला वाटतं, पण खोल बोअरमध्ये तसं होत नाही. पंप पाणी किती उंच ढकलू शकतो, ते फ्रिक्वेन्सीच्या वर्गाप्रमाणं बदलतं. माझ्या पंपाच्या कागदावर व्हॉल्व्ह बंद असतानाची उंची ८० मीटर आहे, ती ५० हर्ट्झला. थंडीत चालू मोटरीला पाण्याची पातळी सुमारे ४० मीटरवर असते, वरच्या हौदापर्यंतचे ५ मीटर धरून ४५. एप्रिलमध्ये पातळी ५५ वर गेली, म्हणजे एकूण ६०. मग पाणी नुसतं तोंडापर्यंत यायला किती हर्ट्झ लागतील?

थंडीत: ५० × √(४५ ÷ ८०) = ३७.५

एप्रिलमध्ये: ५० × √(६० ÷ ८०) = ४३.३

या आकड्याच्या खाली मोटर फिरते, करंट खाते, आवाज करते, पण पाणी एक थेंब देत नाही. याला मी उंबरा म्हणतो. एप्रिलमध्ये मी ४३.५ वर होतो, म्हणजे उंबऱ्यावरच उभा. थंडीत तोच उंबरा ३७.५ ला होता, म्हणून ४५ वर धो धो पाणी पडायचं.

आता फ्रिक्वेन्सी ४३.५ लाच का अडकली? ऊन तर भरपूर होतं. इथं बसवणाऱ्याची चूक झाली होती, आणि ती बऱ्याच जणांकडून होते. त्यानं वॉट मोजले. सरकारी योजनेच्या तक्त्यात ५ एचपीला ४८०० वॉट असतात, म्हणून त्यानं ३३५ वॉटच्या १४ प्लेटा एका ओळीत लावल्या, ४६९० वॉट. वॉट बरोबर होते. पण योजनेतल्या संचात पंप, प्लेटा आणि कंट्रोलर एकमेकांना जुळवून येतात, तिथली मोटर बऱ्याचदा कमी व्होल्टेजची गुंडाळलेली असते. माझी जुनी मोटर लाइनच्या ४१५ व्होल्टची. साधा ड्राइव्ह व्होल्टेज वाढवून देत नाही, डीसीला १.४१ नं भागलं की जेवढं येतं तेवढंच त्याला मोटरीला देता येतं. पूर्ण ४१५ साठी ५८७ व्होल्ट डीसी हवेत. फ्रिक्वेन्सी वाढेल त्याच प्रमाणात मोटरीला व्होल्टेजही जास्त लागतं: ४७ हर्ट्झला मोटरीला ३९० व्होल्ट लागतात, म्हणजे डीसी ५५०.

आणि प्लेट तापली की व्होल्टेज पडतं. माझ्या प्लेटेच्या मागं लिहिलंय ३८ व्होल्ट, पण ते प्लेट २५ अंशांवर असताना. एप्रिलच्या दुपारी प्लेट ६५-७० अंशांवर जाते आणि त्यातला जवळजवळ सहावा हिस्सा गळतो. १४ प्लेटांचे कागदावर ५३२ व्होल्ट होतात, दुपारी पूर्ण ताकदीवर ४४५ च राहतात. ओढ थोडी कमी केली की व्होल्टेज चढतं, म्हणून ड्राइव्हनं मधला मार्ग काढून ५१० व्होल्टवर तडजोड केली होती, आणि तिथून ४३.५ च्या वर त्याला सरकताच येत नव्हतं. सकाळी ऊन कोवळं पण प्लेटा गार, म्हणून पाणी चांगलं. दुपारी ऊन कडक पण प्लेटा तापलेल्या, म्हणून पाणी नाही. हे उलटं चित्र दिसलं की समजायचं, ओळीत प्लेटा कमी पडल्यात.

बसवणाऱ्यानं मग एक तोडगा सुचवला. ड्राइव्हमध्ये मोटरीचं व्होल्टेज ४१५ च्या जागी ३२० टाकलं. लगेच फ्रिक्वेन्सी ४६ वर गेली आणि पाणी पडायला लागलं. वडील खूश झाले. मी क्लॅम्प मीटर लावला तर करंट साडेअकरा अँपिअर, आणि मोटरीच्या पाटीवर १०.५ लिहिलंय. कमी व्होल्टेजवर तेच काम करून घेतलं की करंट वाढणारच, आणि मोटर २४० फूट खाली असल्यानं तिचा ताप आपल्याला हाताला लागत नाही. मी त्याच संध्याकाळी परत ४१५ केलं. असं करून पाणी काढणारे मला माहीत आहेत. वाइंडिंग जळाल्यावर ते ड्राइव्हला नावं ठेवतात.

खरा उपाय दोन प्लेटा वाढवणं हा होता. त्याच कंपनीच्या, त्याच वॉटच्या मिळवल्या आणि त्याच ओळीत जोडल्या. आता १६ प्लेटा, ५३६० वॉट. मे महिन्यातल्या दुपारी पडद्यावर ४७.५ हर्ट्झ आणि पिंप सव्वा मिनिटात भरलं. वॉट सातव्या हिश्शानं वाढले आणि पाणी चार-पाचपट झालं, कारण आता मी उंबऱ्याच्या चार हर्ट्झ वर होतो.

मग १८ का नाही लावल्या? त्याला वरची मर्यादा आहे. मोटर बंद असताना प्लेटेचं व्होल्टेज ३८ नसतं, ४६ असतं. १६ चे ७३६ होतात. डिसेंबरच्या पहाटे आमच्याकडं पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, गार प्लेटांवर पहिलं ऊन पडतं तेव्हा हे ७७० पर्यंत जातं. माझ्या ड्राइव्हची कमाल मर्यादा ८०० आहे. १७ प्लेटांना ते ८२० होईल आणि सकाळी ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर बंद पडेल, नशीब वाईट असेल तर आतले कपॅसिटर जातील. म्हणजे माझ्या मोटरीला आणि या प्लेटांना १६ हाच आकडा. हल्लीच्या ५४० वॉटच्या प्लेटा घेतल्या तर एका ओळीत १५ बसतात, पण ते ८१०० वॉट होतात. साडेसात एचपीला ते चांगले, पाचला विनाकारण खर्च. व्होल्टेजवरून प्लेटांची संख्या काढा आणि मग वॉट पुरतात का बघा, उलटं करू नका.

ड्राइव्हच्या बाबतीत मात्र पहिल्या दिवशीच नशिबानं बरोबर झालं होतं. ५ एचपी म्हणून ३.७ किंवा ४ किलोवॉटचा ड्राइव्ह देतात, त्याचा करंट साधारण ९ अँपिअर असतो. बोअरची मोटर त्याच एचपीच्या वरच्या मोटरीपेक्षा जास्त करंट घेते. १०.५ साठी ९ चालणार नाही. माझा ५.५ किलोवॉटचा, १३ अँपिअरचा आहे, तरीही पत्र्याच्या पेटीत उन्हाळ्यात तो तापून दोनदा बंद पडला. पेटी शेडच्या उत्तर भिंतीला हलवल्यावर तक्रार गेली.

सेटिंगमधली एकच गोष्ट मी आवर्जून सांगेन. कारखान्यातून येताना ड्राइव्हची किमान फ्रिक्वेन्सी बऱ्याचदा खूप खाली असते. माझ्याकडं ती २० होती. म्हणजे ढग आला की मोटर २० ते ४० च्या मध्ये तासन्‌तास नुसती फिरत राहायची. वर पाणी जात नाही, म्हणून मोटरीच्या अंगावरून गार पाणी वाहत नाही, आणि खालचं थ्रस्ट बेअरिंग झिजतं. मी उंबऱ्याच्या अर्धा हर्ट्झ वर मर्यादा लावली आणि त्याखाली मिनिटभर राहिला तर दहा मिनिटं बंद, असं ठेवलं. पातळी बदलते म्हणून हा आकडा वर्षातून दोनदा बदलतो: दिवाळीनंतर ३८, गुढीपाडव्यानंतर ४४. तुमचा आकडा काढायला पंपाचा कागद नसला तरी चालतं. भर उन्हात फ्रिक्वेन्सी हातानं कमी करत या आणि धार तुटते तिथला आकडा लिहून ठेवा.

राहिलेली एक अडचण नारळाची. चारच्या सुमाराला त्याची सावली शेवटच्या तीन प्लेटांवर येते. तीन प्लेटा म्हणजे कागदावर ११४ व्होल्ट, आणि सगळ्या एकाच ओळीत असल्यानं तेवढे थेट पडद्यावरून गायब होतात; मोटर दोन मिनिटांत उंबऱ्याखाली जाते. झाड आजीनं लावलंय, ते तोडणार नाही. दसऱ्यानंतर त्या तीन प्लेटांचा सांगाडा बारा फूट बाजूला सरकवायचा आहे, खड्ड्यांची आखणी झाली आहे.