नऊ महिने, दोन दप्तरं आणि तीन बाटल्या: दुसरीतल्या मुलीच्या खरेदीचा अनुभव

मेअखेरीस आमच्याकडे शाळा सुरू होतात, तेव्हा बेळगावच्या खडेबाजारात दप्तरांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत लेकीने जे दप्तर मिठीत धरलं तेच आम्ही घेतलं. पुढे फुगीर, टणक, परीचं चित्र, आत पाच कप्पे, वर चमकी. सोबत साडेसातशे मिलीची दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली, "दिवसभर पाणी गार राहतंय बघा" म्हणून. आता फेब्रुवारी चालू आहे. त्यातलं काहीच ती आज शाळेत नेत नाही.

पहिल्या पंधरवड्यात ती रिक्षातून उतरून गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत पुढे वाकून चालत यायची. आज्जीचं म्हणणं, "सवय हुईल की." मी दप्तर उचलून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेलं आणि काट्यावर ठेवलं. तीन किलो नऊशे तीस ग्राम. दुकानदार हसला, पण त्याने मला एकेक वस्तू वेगळी तोलू दिली.

रिकामं दप्तर ९२० ग्राम. रिकामी बाटली ३८०, त्यातलं पाणी ७५०. भरलेला डबा ४८०. वह्या-पुस्तकं आणि पेटी मिळून १४००. लेकीचं वजन २० किलो. शाळेच्या दप्तराबद्दल केंद्राचं २०२० चं धोरण आहे, त्यात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावं असं धरलंय. कर्नाटक सरकारने २०१९ मध्ये पहिली-दुसरीसाठी दीड ते दोन किलोची मर्यादा घातली. म्हणजे आमची हद्द दोन किलो. नुसतं दप्तर, बाटली आणि पाणी यांची बेरीज २०५० ग्राम होत होती. एकही वही न घालता आम्ही हद्द ओलांडली होती! तोवर मी सगळा दोष शाळेच्या पुस्तकांना देत होते.

दुसरं दप्तर घेताना चित्र बघितलं नाही, काटा बघितला. साधं पॉलिस्टरचं, दोनच कप्प्यांचं, ३९० ग्राम. वजन वाढतं कशाने ते एव्हाना कळलं होतं: पुढचं फोमचं टणक कवच, जादा चेन, कप्प्यांचं दुहेरी अस्तर. चाकांची दप्तरं तर याहून जड, आणि आमच्या गल्लीतल्या फरशांवर ती ओढायची कुठे? मुलीला उभं करून पाठीला लावून बघितलं. रुंदी खांद्याबाहेर जाऊ नये आणि तळ कमरेच्या फार खाली लोंबू नये. मोठ्या मापाचं घेऊन "दोन वर्षं चालेल" हा हिशेब इथे उलटा पडतो, कारण तळ जितका खाली तितकं मूल पुढे वाकतं.

कापडाचं मात्र पावसाने शिकवलं. पहिल्या दप्तराला दुकानातच रेक्झिनसारखा उग्र वास होता. तो आठवडाभर उन्हात ठेवूनही गेला नाही. असा वास आणि ताठर, चिकट स्पर्श असेल तर आतला थर बहुधा पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी मऊ करायला जी द्रव्यं घालतात त्यातली काही, थॅलेट वर्गातली, लहान मुलांच्या वस्तूंसाठी बऱ्याच देशांनी मर्यादित केली आहेत. नवीन दप्तराला वास नव्हता. आत पातळ पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनचा थर होता. पण जुलैत माझ्या माहेरी खानापूरला दहा दिवस राहिलो. तिथला पाऊस ठाऊक असलेल्यांना पुढचं सांगायला नकोच. ओलं दप्तर तसंच मिटून ठेवलं आणि ऑगस्टमध्ये आतून पांढरे पापुद्रे सुटून वह्यांना चिकटू लागले. दमटपणाने पीयू असाच सुटतो. तेव्हापासून रोज संध्याकाळी दप्तर रिकामं करून उलटं टांगते. राहिलेला थर अजून टिकून आहे. पावसासाठी वेगळं पातळ आवरण घेतलं, कारण चेनमधून पाणी आत जायचं ते जातंच.

पट्टा दिवाळीआधी उसवला. जिथे पट्टा वरच्या शिवणीत शिरतो तिथे एकच सरळ टाका होता. चांगल्या दप्तरात त्या जागी चौकोनात फुलीसारखी शिवण असते. दुकानात पट्टा आतून उलटून एवढी एक जागा बघितली असती तर मोच्याकडची फेरी वाचली असती.

आता बाटली. जड बाटली बाद केल्यावर गणपत गल्लीतून एक पारदर्शक, काचेसारखी टणक प्लास्टिकची आणली. घरी तळ बघितला तर त्रिकोणात ७. हा आकडा प्लास्टिकची जात सांगतो, सुरक्षिततेचा दाखला नव्हे. ५ म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, दुधाळ, किंचित लवचिक, रोजच्या वापराला ठीक. १ म्हणजे विकतच्या पाण्याची बाटली असते ते प्लास्टिक, पुन्हापुन्हा भरायला आणि गरम पाण्याला नको. ७ म्हणजे "इतर": त्यात बीपीए हे घातक मानलं जाणारं रसायन नसलेलं ट्रायटनही येतं आणि बीपीए असलेलं पॉलीकार्बोनेटही. दुसरं काही छापलेलं नसेल तर दोन्हीत फरक डोळ्यांनी कळत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे उकळलेलं पाणी कोमट असतानाच भरतात आणि गरम पाण्यात पॉलीकार्बोनेटमधून बीपीए जास्त सुटतं. म्हणून ती बाटली आता गॅलरीत झाडांना पाणी घालायला.

तिसरी एकपदरी स्टीलची, ५०० मिलीची, १४० ग्राम. दुकानदाराने चुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे ३०४ च" असं ठासून सांगितलं. ३०४ म्हणजे भांड्यांसाठी चांगलं मानलं जाणारं स्टील. पण हे अर्धंच खरं आहे. २०१ नावाचं स्वस्त स्टीलही चुंबकाला सहसा चिकटत नाही, पण ते लवकर गंजतं. मी त्यापेक्षा तळावरची आयएसआय खूण बघितली आणि तिच्याजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या BIS Care ॲपवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का ते तपासलं. दोन मिनिटांचं काम.

तरी एक गोष्ट चुकलीच. झाकणात स्ट्रॉ होता. सप्टेंबरमध्ये लेक म्हणाली, पाण्याला वास येतोय. बाटली आतून लख्ख. झाकणातली सिलिकॉनची रिंग सुरीच्या बोथट टोकाने काढली तर मागे काळी बुरशी, स्ट्रॉच्या वाकणातही तीच. मी ती रोज घासत होते, पण रिंग न काढता. स्ट्रॉचं झाकण बदलून साधं फिरकीचं घेतलं. रिंग आता दर रविवारी निघते, घासून, पूर्ण वाळवून परत बसते.

आजचा काटा: दप्तर ३९०, बाटली १४०, पाणी ३००, लहान डबा ३६०, वेळापत्रक बघून भरलेली पुस्तकं आणि पेटी ९००. एकूण दोन किलो नव्वद ग्राम. पाणी कमी भरतो कारण शाळेत फिल्टर आहे. मधल्या सुट्टीत ती पुन्हा भरते हे बाईंना विचारून पक्कं केलं, नाहीतर वजनाच्या नादात पोर तहानलेली राहायची. हद्दीवरचे नव्वद ग्राम पेटीतल्या रंगीत दगडांचे आहेत, ते काढायची तिची तयारी नाही.

एकपदरी बाटलीतलं पाणी मार्चपासून दुपारपर्यंत गरम होणार. त्यासाठी आज्जी जुन्या गोधडीच्या तुकड्याचं वेष्टन शिवते आहे. ओलं करून घातलं की थोडं तरी गार राहील, असं तिचं म्हणणं. किती राहतं ते एप्रिलमध्ये लिहीन.