शेततळ्यातलं सरासरी पाणी: थेट घनतेवरून, की नवीन वितरण काढून?

यवतमाळकडचं एक शेततळं घ्या. त्यात अजून ६०० घनमीटर जागा आहे. एका जोरदार पावसात वाहून येणारं पाणी X हे ० ते १००० घनमीटर, सगळीकडे सारख्याच शक्यतेनं, असं मानू. ६०० च्या वरचं पाणी सांडव्यातून निघून जातं, म्हणून साठणारं पाणी Y = min(X, 600). Y ची अपेक्षित किंमत किती?

पहिला रस्ता Y चं वितरण शोधण्याचा. ० ते ६०० मध्ये घनता १/१००० येते, आणि बरेच विद्यार्थी तिथंच थांबून उत्तर १८० काढतात. पण X ६०० च्या वर जाण्याची शक्यता ०.४ आहे, आणि ती सगळी Y = ६०० या एकाच बिंदूवर गोळा होते. घनतेखालचं क्षेत्रफळ १ ऐवजी ०.६ भरलं, की समजा हा गोळा सुटला. तो धरला तर १८० + ६०० × ०.४ = ४२०.

दुसऱ्या रस्त्यात Y च्या वितरणाला हातच लावायचा नाही. Y ला g(X) म्हणा आणि X च्या घनतेला f(x), म्हणजे १/१०००. मग E[g(X)] = ∫ g(x) f(x) dx. ६०० पर्यंत g(x) = x, त्याचे १८०. पुढे १००० पर्यंत g(x) = ६००, त्याचे २४०. एकूण ४२०. इथं गोळा सुटायला जागाच नाही, म्हणून सरासरीसाठी मी हाच रस्ता धरतो.

मात्र X ची सरासरी ५०० आधी काढून ती g मध्ये टाकू नका. ५०० येईल, ८० घनमीटर जास्त.

Y च्या वितरणाचा पूर्ण आकार हवा असेल, तर पहिलाच रस्ता लागतो.