पाच मिनिटांचं इंग्रजी प्रेझेंटेशन: मागणी आधी की पार्श्वभूमी आधी?

समजा, गोदामातून माल उशिरा निघतो आणि तुम्हाला दुसऱ्या पाळीसाठी मंजुरी हवी आहे.

मागणी आधी ठेवायची, तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच म्हणा: “आय'ड लाइक युअर अप्रूव्हल फॉर अ सेकंड शिफ्ट. देअर आर टू रीझन्स.” मग प्रत्येक कारणाला दीड मिनिट. पहिल्याकडे जाताना “द फर्स्ट इज डिले”, दुसऱ्याकडे वळताना “दॅट ब्रिंग्ज मी टू द सेकंड रीझन: कॉस्ट”. शेवटी “सो, टू कम बॅक टू माय रिक्वेस्ट” म्हणून मागणी पुन्हा मांडा. उरलेला वेळ प्रश्नांना. दोन कारणं सांगून तिसरं घुसवलंत, की ऐकणाऱ्याची मोजणी चुकते आणि तो तुमचं बोलणं सोडून ती मोजणीच जुळवत बसतो.

पार्श्वभूमी आधी घेतलीत, तर ऐकणारा “मग करायचं काय?” याची वाट बघत राहतो. साहेब मध्येच खर्च विचारतात. म्हणून सुरुवातीलाच “आय'ल गिव्ह यू द बॅकग्राउंड, देन माय रिक्वेस्ट” असं सांगावं लागतं. प्रश्न आलाच तर “आय'ल कम टू दॅट इन अ मिनिट”. मात्र ते वचन पाळायचं.

मंजुरी हवी असेल तर आम्ही पहिलीच पद्धत घेऊ. अडचणच कुणाला ठाऊक नसेल, किंवा बातमी कटू असेल, तर दुसरी.

आणि दोन्हीकडे “डिस्कस अबाउट” नको. नुसतं “डिस्कस द कॉस्ट”.